शून्यावरची सरळ रेघ

द्राक्षाच्या हंगामात तासगावकडच्या पॅकहाउसमध्ये काम करणाऱ्याला वार आठवत नाही. कंटेनर किती वाजता लागणार, एवढंच डोक्यात असतं. माझं काम नोंदींचं. कुठल्या बागेचा माल कधी आला, प्री-कूलिंगमध्ये किती तास राहिला आणि कोल्ड स्टोरेजच्या कुठल्या खोलीत गेला, हे सगळं एक्सेलमध्ये भरायचं. खोल्यांच्या तापमानाचा रोजचा तक्ताही माझ्याकडेच. त्या तक्त्याची एक प्रत कंटेनरच्या कागदांबरोबर जाते, म्हणून सकाळी साडेआठच्या आत तो दादांकडे, म्हणजे मालकांकडे, पोचलेला असावा लागतो.

खोलीत एक डेटा लॉगर टांगलेला असतो. तो हवेचं तापमान टिपत राहतो आणि सकाळी त्याची पीडीएफ निघते. त्यातला आकड्यांचा रकाना कॉपी करायचा, माझ्या शीटमध्ये पेस्ट करायचा, की सरासरी, किमान, कमाल आणि आलेख आपोआप तयार. आधीचे महिनाभर हे बिनतक्रार चाललं होतं, कारण आमच्या खोल्या शून्याच्या किंचित वरच राहत होत्या. त्या आठवड्यात युरोपच्या मालासाठी दोन नंबरची खोली अजून खाली घ्यायची ठरली, आणि आकडे पहिल्यांदाच शून्याच्या खाली गेले.

त्या दिवशी सकाळी दोन नंबरची सरासरी आली ०.२२, किमान ०.१. छान. तक्ता पाठवून दिला आणि चहाला गेले.

चहाच्या टपरीवर रात्रपाळीचे मामा भेटले. हे मशीनघर बघतात. घरी निघाले होते, तरी थांबून म्हणाले, "ताई, दोन नंबर रात्री लई गार पडली हुती बघा. मी दोनच्या सुमाराला कॉम्प्रेसर हातानं बंद केला. वहीत लिवलंय."

मी म्हटलं, "मामा, लॉगर तर ०.१ च्या खाली गेलाच नाही म्हणतोय."

"मग त्येला थंडी वाजत नसंल," मामा म्हणाले आणि गाडीला किक मारली.

वही उघडून पाहिली. खरंच शेरा होता, वेळही होती, आकडा मात्र नव्हता. मामांचा हात आकड्यापेक्षा खोलीच्या दारावर जास्त विश्वास ठेवतो. पण वीस वर्षं मशीन बघणारा माणूस उगाच कॉम्प्रेसर बंद करत नाही. मी परत येऊन शीट उघडली आणि या वेळी बेरजांकडे न बघता आलेखाकडे बघितलं.

रेघ संध्याकाळी सहापासून ०.४, ०.२, ०.१ अशी उतरत होती. रात्री नऊला ती शून्याला टेकली आणि पहाटे तीनपर्यंत शून्यावरच राहिली. अगदी फूटपट्टीनं ओढल्यासारखी. चारला पुन्हा ०.१, पाचला ०.३. सकाळी घाईत मला ही रेघ "व्वा, काय स्थिर खोली" अशी वाटली होती. पण कोल्ड स्टोरेजची हवा इतकी शहाणी नसते. कॉम्प्रेसर लागतो, बंद होतो, दार उघडतं. रेघ थरथरत राहिलीच पाहिजे. सलग सात नोंदींत एकच आकडा म्हणजे तो आकडा खोलीचा नव्हेच.

मग रकान्यातला नऊ वाजताचा सेल पाहिला. त्यात शून्य नव्हतं, `−0.2` होतं. त्याखाली `−0.6`, `−1.1`, `−1.7`, एक वाजता `−2.2`, मग `−1.9` आणि `−0.8`. डोळ्यांना सगळं नीट दिसत होतं, आणि एक्सेल त्यातला एकही आकडा म्हणून मानायला तयार नव्हतं, सगळ्यांना नुसता मजकूर धरत होतं.

एरवी असा मजकूर सेलच्या डाव्या कडेला चिकटतो आणि खरा आकडा उजव्या, त्यामुळे एका नजरेत कळतं. मी शीट देखणी करण्याच्या नादात सगळे रकाने मधोमध आणून ठेवले होते. ती खूण माझ्याच हातानं पुसलेली. उणे एकच्या खाली गेलं की सेल लाल व्हावा असा नियमही लावला होता. तोही लाल झाला नाही, कारण एक्सेलच्या हिशेबात मजकूर हा कुठल्याही आकड्यापेक्षा मोठाच धरला जातो. उणे २.२ लिहिलेला मजकूर उणे एकपेक्षा लहान ठरेल कसा?

बारा ओळींखाली दोन सूत्रं लिहिली. COUNT फक्त आकडे मोजतं, COUNTA भरलेला प्रत्येक सेल मोजतं.

```
=COUNT(B2:B13)
=COUNTA(B2:B13)
```

पहिलं ५ म्हणालं, दुसरं १२. म्हणजे सात आकडे बाहेर उभे होते, आणि नेमके उणे असलेले सातच. AVERAGE आणि MIN रकान्यातला मजकूर गुपचूप गाळतात, तक्रार करत नाहीत. उरलेल्या पाच आकड्यांची बेरीज १.१, सरासरी ०.२२. लाइन चार्ट गाळत नाही, तो मजकुराच्या जागी शून्य मांडतो. त्याच चुकीनं सरासरी खोटी ठरवली होती, आणि आलेखानं तीच चूक उघडी पाडली.

चिन्हात काय आहे हे बघायला नऊच्या सेलवर `=UNICODE(B5)` लावलं. पहिल्या अक्षराचा क्रमांक आला ८७२२. आपल्या कीबोर्डवर शून्याच्या शेजारी जी बारकी रेघ असते तिचा क्रमांक ४५. ८७२२ हे छापखान्याचं खरंखुरं वजाचं चिन्ह. रुंदीला ते अधिकच्या चिन्हाएवढं असतं, त्याच उंचीवर बसतं, आकड्यांच्या रकान्यात शोभून दिसतं. पीडीएफ बनवणाऱ्यानं टंकाच्या दृष्टीनं बरोबरच केलं होतं. कीबोर्डावरची रेघ बिचारी टाइपरायटरच्या काळापासून दोन्ही कामं करते, शब्दही जोडते आणि वजाही करते. युनिकोडात तिचं नावच हायफन-मायनस आहे. माझं एक्सेल मात्र वजा म्हणून तिलाच ओळखत होतं.

सेलमधली ती रेघ निवडून कॉपी केली. कीबोर्डवर तिचं बटण नाही, म्हणून कॉपीच केली. मग Ctrl+H, वरच्या खणात ती पेस्ट, खालच्या खणात साधा हायफन, Replace All. सातही सेल त्याच क्षणी आकडे झाले. COUNT बारा. सरासरी उणे ०.६२. किमान उणे २.२. उणे एकच्या खालचे चारही सेल लाल झाले आणि माझ्या पोटात गोळा आला.

कारण द्राक्षाच्या मण्यात साखर असते, तो उणे तीनच्या आसपास गोठतो. देठ त्याच्या आधी, उणे दोनलाच. आणि युरोपातला गिऱ्हाईक पेटी उघडली की आधी देठ बघतो. देठ हिरवा नाही तर मणी कितीही टपोरा असो, भाव पडलाच.

दादांना फोन केला. ते म्हणाले, "लॉगरचं तापमान हवेचं आहे. पेटीतलं बघ आधी." बरोबर होतं ते. कागदी वेष्टनात आणि पेटीत बसलेला माल हवेइतक्या लवकर गार होत नाही. आम्ही खुपसायचा थर्मामीटर घेऊन आत गेलो. मधल्या पॅलेटमधले मणी उणे ०.४, उणे ०.५. पंख्यासमोरच्या पॅलेटच्या वरच्या थरात उणे ०.९. देठ बहुतेक ठिकाणी हिरवे. पंख्याच्या थेट झोतातल्या काही पेट्यांत देठ काळपट, पाणी सुटल्यासारखे झाले होते. तेवढ्या पेट्या निर्यातीतून काढल्या. मूळ कारणही तिथंच सापडलं: कंट्रोलरचा सेन्सर क्लिपेतून निसटून दाराकडे लोंबत होता. त्याला दाराची ऊब लागत होती आणि तो कॉम्प्रेसरला पळवतच होता. मामांनी दोनला बटण बंद केलं नसतं तर पुढचे आकडे काय असते कुणास ठाऊक.

दुरुस्त तक्ता पाठवायचा म्हणून मी सुपरवायझरच्या नोंदीही जोडायला घेतल्या. तो दर चार तासांनी डिस्प्लेवरचा आकडा मोबाईलवरून पाठवतो. पेस्ट केल्या, मघासारखंच Replace All केलं, आणि COUNT पुन्हा कमी! UNICODE लावलं तर या वेळी ८२११. ही एन डॅश, म्हणजे "पासून-पर्यंत" दाखवणारी रेघ. मोबाईलवर हायफनचं बटण दाबून धरलं की लांब रेघा वर येतात, त्यातली एक त्याला ठसठशीत वाटली होती. पडद्यावर ती आणि ८७२२ जुळ्या बहिणी, पण एकीला बदललं म्हणून दुसरी बदलत नाही.

तिलाही बदललं, पण घाईत रकाना न निवडता पूर्ण शीटवर. पॅलेटच्या रकान्यात रॅकचे नंबर `3–4`, `5–6` असे एन डॅशनं लिहिलेले होते. तिथं साधा हायफन येताच एक्सेलला त्यात तारखा दिसल्या आणि ३ एप्रिल, ५ जून असे रॅक तयार झाले. Ctrl+Z मारलं आणि तापमानाचाच रकाना निवडून पुन्हा केलं.

आता पेस्ट केलेल्या रकान्याला हात लावतच नाही. शेजारच्या रकान्यात सूत्र ठेवलंय, ते दोन्ही रेघा बदलून आकडा काढतं, आणि सरासरी, किमान, आलेख सगळं त्याच रकान्यावरून निघतं:

```
=VALUE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(
 TRIM(B2),UNICHAR(8722),"-"),UNICHAR(8211),"-"))
```

ऑफिसातल्या एकानं सुचवलं होतं की चूक आली तर शून्य दाखवायला सांग, शीट स्वच्छ दिसेल. कापसाच्या किंवा किराणाच्या हिशेबात चालेलही कदाचित. आमच्याकडे शून्य हे खरं तापमान आहे. सुपरवायझर कधी नोंद चुकली तर नुसती एक रेघ मारून पाठवतो. तिचं शून्य केलं तर न घेतलेली नोंद उत्तम नोंद होऊन बसेल. तिथं #VALUE! ओरडत राहिलेलं मला चालतं. तक्त्याच्या डोक्यावर COUNT आणि COUNTA शेजारी शेजारी आहेत आणि ते जुळल्याशिवाय मी पाठवायचं बटण दाबत नाही.

सुपरवायझरला बोलावून समजावलं की बाबा, लांब रेघ नको, साधी आखूड रेघ दे. त्यानं मन लावून ऐकलं, मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मेसेज आला: "खोली २, उणे ०.५."