पोचपावतीवरची सही

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास भाची आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, "मावशी, त्याने बघितलंय. काल रात्री नऊ पन्नासला. अजून उत्तर नाही."

'तो' म्हणजे ताईच्या ओळखीतून आलेलं स्थळ. मुलगा बंगळूरला नोकरीला असतो. तीन आठवड्यांपूर्वी पुण्यात एकदा भेट झाली, नंबर दिले-घेतले गेले आणि तेव्हापासून व्हॉट्सॲपवर बोलणं चालू आहे. शुक्रवारी रात्री 9:42 ला हिने विचारलं, "दिवाळीला येणार आहेस ना?" दोन निळ्या टिका आल्या आणि पुढे सगळं सामसूम.

मी टपाल खात्याच्या खिडकीवर तेहतीस वर्षं काढली, त्यामुळे पोचपावती हा माझा प्रांत. रजिस्टर एडीचं कार्ड सही होऊन परत आलं, की लोक ते घेऊन खिडकीवर यायचे. "बाई, ही सही त्यांची नाही वाटत." नसायचीच पुष्कळदा. कधी वहिनीची, कधी दुकानातल्या पोऱ्याची. पाकीट उंबरठ्याच्या आत गेलं, एवढंच ते कार्ड सांगायचं. ते कुणी फोडलं, वाचलं, की गादीखाली सरकवलं, हे विचारायला आलेल्या माणसाला मी काय सांगणार?

टिकांचंही तसंच. एक टिक म्हणजे निरोप आपल्या फोनमधून निघाला. दोन राखाडी म्हणजे त्याच्याकडे पोचला. समोरचा फोन बंद असेल, तर निरोप तीस दिवस कंपनीकडे पडून राहतो. आमच्याकडे 'घर बंद' शेरा मारून सात दिवस ठेवायचे आणि मग परत पाठवायचे. निळ्या टिका 2014 साली आल्या, आणि या सगळ्या रडारडीला खरी सुरुवात तेव्हापासून.

"निळं म्हणजे वाचलं ना पण?" भाची.

निळं म्हणजे त्याच्या कुठल्यातरी यंत्रावर ती खिडकी उघडली गेली. लॅपटॉपवर तिचंच चॅट उघडं असेल आणि तो समोर दुसरं काही करत बसला असेल, तरी निळं होतं. उलट वरच्या पट्टीत आलेला निरोप अख्खा वाचला आणि चॅट उघडलंच नाही, तर राखाडीचं राखाडी राहतं. काही जणांनी निळ्या टिका बंदच केलेल्या असतात. उत्तर आलं तरी टिका राखाडीच दिसल्या, की हे ओळखावं. मग त्यांनाही इतरांच्या दिसत नाहीत, तेवढा न्याय कंपनीने ठेवलाय. ग्रुपमध्ये मात्र ही पळवाट चालत नाही.

मी तिला निरोपावर बोट दाबून धरायला लावलं आणि 'इन्फो' उघडलं. पोचला 9:42, वाचला 9:50. दोन्ही वेळा एकाच मिनिटाच्या असत्या, तर त्याने नेट चालू केल्याकेल्या निरोप येऊन पडला, असं म्हणता आलं असतं. इथे मध्ये आठ मिनिटं होती. फोन चालू होता, हातात नव्हता. बस, एवढंच.

"आणि रात्री अकरा अठ्ठावन्नचं लास्ट सीन?" हा तिचा हुकमाचा एक्का.

लास्ट सीन म्हणजे शेवटचं ॲप कधी उघडं होतं, ते. कुणासाठी उघडलं होतं, ते कुठेच लिहिलेलं नसतं. ऑफिसचा ग्रुप असेल, आईने पाठवलेला गणपतीचा फोटो असेल. तिलाही हे कळत होतं. पण रात्री बाराला दोन कमी असताना एकटीने पडद्याकडे बघत बसलं, की कळलेलं वळत नाही.

शेवटी मी कागद-पेन्सिल घेतली. सगळ्या जगाशी नाही, त्याची त्याच्याशीच तुलना करू, म्हटलं. तीन आठवड्यांचं बोलणं वर सरकवत गेलो. रात्री नऊनंतर तिने नऊ वेळा काही विचारलं होतं. आठ वेळा उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत आलं होतं. दुपारी विचारलेल्याचं उत्तर मात्र दहा-पंधरा मिनिटांत. म्हणजे गडी रात्री लिहीतच नाही. कालचे ते तेरा तास त्याच्या सवयीतले होते. रोज पाच मिनिटांत उत्तर देणारा अचानक तेरा तास गप्प झाला असता, तर मीही कान टवकारले असते. शिवाय प्रश्न रजेचा. "जेवलीस का?" सारखं त्याला पटकन "हो" म्हणून चालत नाही.

भाचीचा चेहरा जरा उजळला, आणि इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण कागद हातात होता. सकाळी पहिला निरोप कुणाचा, तेही मोजलं. सतरा दिवसांत चौदा वेळा हिचा. त्याने आपणहून विचारलेले प्रश्न अवघे चार, त्यातला एक "आवाज येतोय का?" उत्तरं वेळेवर, नीट, चांगल्या मराठीत, पण प्रत्येक उत्तर पूर्णविरामावर संपलेलं. पुढचं दार हिनेच उघडायचं.

दोघीही गप्प झालो. तासांपेक्षा हे जास्त बोलतं, असं मला वाटतं, आणि ते मी तिच्यापासून लपवलं नाही.

पण मग मला आमचे हे आठवले. साखरपुडा ते लग्न या सात महिन्यांत त्यांनी मला दोन पत्रं पाठवली. दोन्ही माझ्या पत्रांची उत्तरं, दोन्हींची सुरुवात "आपले पत्र पावले". आपणहून एक ओळ नाही. पत्रांचा हिशेब मांडला असता, तर लग्न मोडलंच असतं. आणि हा माणूस दर दुसऱ्या रविवारी संगमनेरहून एसटीने पुण्याला यायचा, तासभर आमच्या ओटीवर बसायचा, दोन कप चहा प्यायचा आणि परतीची गाडी पकडायचा. पत्रात काय लिहायचं ते सुचत नाही, असं त्यांनी मला कबूल केलं, तेव्हा लग्नाला अकरा वर्षं झाली होती.

"म्हणजे नक्की काय समजायचं मी?" भाची वैतागली.

"येतो की नाही, ते बघ."

सव्वा वाजता ताई आली. तिच्यासाठी पोहे करायला मी उठले, तेवढ्यात फोन वाजला. भाचीने पट्टी खाली ओढली आणि मोठ्याने वाचलं. "अगं सॉरी, मॅनेजरला विचारून सांगणार होतो. 18 ते 22 रजा मिळतेय. तू तेव्हा पुण्यातच आहेस का?"

"प्रश्न विचारला की गं!" मी कढईपाशीच ओरडले.

तिने फोन पालथा ठेवला. चॅट काही उघडलं नाही.

"उत्तर दे ना," ताई म्हणाली.

"थांब. जरा राखाडी दिसू दे त्याला."

"अगं, तो काय समजेल?"

"झोपलेय, असं."

घड्याळात एक वाजून सतरा मिनिटं झाली होती.