आमची वाटचाल: टांगलेला कमोड आणि त्याच्या मागची भिंत

आमचं काम बाथरूमचं. बाबा प्लंबर होते, मी त्यांच्याबरोबर पाने आणि पाइप उचलत शिकलो, 2004 ला दोघांनी मिळून फर्म काढली, फर्म म्हणजे काय तर एक गाळा, एक टेम्पो आणि तीन माणसं. त्या वेळी कमोड बसवायचा म्हणजे फ्लोअर माउंटेडच. खाली जमिनीत ड्रेनचं तोंड, त्यावर भांडं ठेवायचं, दोन स्क्रू, सांधा भरायचा, मागे टाकी लावायची, संध्याकाळी घरी. बाबा म्हणायचे, "त्यात चुकण्यासारखं काय आहे, वजन जमिनीवर आहे, जमीन कुठं पळतीये?" आणि खरंच आहे ते, फ्लोअर माउंटेडमध्ये बसणाऱ्याचं सगळं वजन भांड्यातनं सरळ फरशीवर उतरतं, स्क्रू फक्त भांडं सरकू नये म्हणून.

2010 नंतर पुण्यात बाणेर, औंध साइडला लोकं वॉल हंग, म्हणजे भिंतीला टांगलेला कमोड मागायला लागले. दिसायला मस्त, खालनं पोछा मारता येतो, टाकी भिंतीच्या आत. आम्ही पण उत्साहात कामं घ्यायला लागलो आणि 2012 ला एक काम असं अंगाशी आलं की तिथनं आमची कामाची पद्धतच बदलली, म्हणून ते आधी सांगतो.

बाणेरचा नवा फ्लॅट, बाथरूमची मागची भिंत सहा इंची, हलक्या ब्लॉकची, ज्याला सगळे सिपोरेक्स म्हणतात ती. आम्ही टाकी त्यात बसवली, भांड्याचे दोन बोल्ट ब्लॉकमध्येच फास्टनर मारून घट्ट केले, टाइल लावली, हँडओव्हर. आठ महिन्यांनी फोन, "अहो, भांडं आणि टाइलच्या मधे वरच्या बाजूला फट दिसतीये, सिलिकॉन सुटलंय का?" गेलो, बसून बघितलं तर भांडं किंचित हलत होतं. सिलिकॉन सुटलं नव्हतं, भांडं पुढं झुकलं होतं. उघडल्यावर बोल्टभोवतीचा ब्लॉक भुसा झालेला, बोटानं पडत होता. सगळं तोडून परत केलं, 38 हजार आमच्या खिशातनं. बाबा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

त्या रात्री मी कागदावर साधा हिशोब मांडला, तो आज पण प्रत्येक नव्या मुलाला समजावतो. टांगलेलं भांडं म्हणजे भिंतीत अडकवलेला आकडा. माणसाचं वजन भिंतीपासून साधारण 30 सेंटीमीटर पुढं पडतं. भांडं खालच्या कडेवर भिंतीला टेकून फिरायला बघतं आणि वरचे दोन बोल्ट त्याला धरून ठेवतात, बोल्ट आणि खालची कड यात अंतर असतं 20 सेंटीच्या आसपास. म्हणजे 90 किलोचा माणूस बसला की 90 गुणिले 30 भागिले 20, बोल्टांवर साधारण 135 किलोचा ओढा, तोही भिंतीतनं बाहेर. आणि माणूस काही कापसासारखा बसत नाही, धपकन बसतो, रोज, घरातली चार माणसं. हलका ब्लॉक दाबाला ठीक असतो, पण आत रोवलेला बोल्ट असा रोज ओढला की तो भुगा होत जातो. साडेचार इंची विटेच्या पार्टिशनचं पण तेच, फक्त जरा उशिरा. खोक्यावर 400 किलो लिहिलेलं असतं ना, ते भांड्याच्या टेस्टचं आहे, तुमच्या भिंतीचं नाही.

मग उपाय काय, तर लोखंडी फ्रेम. टाकी, भांड्याचे बोल्ट आणि ड्रेनचा बेंड हे सगळं एका फ्रेमवर येतं, फ्रेमचे पाय खाली स्लॅबला आणि पाठ मागच्या भिंतीला. मुख्य वजन पायातनं खाली जातं, भिंत फक्त फ्रेम मागंपुढं होऊ नये म्हणून धरते. बाजारात बिनपायाची हाफ फ्रेम पण मिळते आणि स्वस्त असते, पण ती भक्कम नऊ इंची भिंत किंवा आरसीसीलाच, आणि बोल्टभोवती काँक्रीट भरून. ब्लॉकच्या भिंतीत हाफ फ्रेम आम्ही आता लावतच नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

पण पाय ठेवायचे कुठं, हा पुण्यातला खरा प्रश्न. आपल्याकडे बाथरूमचा स्लॅब बहुतेक वेळा संकन असतो, म्हणजे आठ-दहा-बारा इंच खाली, त्यात पाइप टाकून वीटबॅटचं फिलिंग भरतात आणि वर फरशी. फ्रेमचे पाय फरशीवर किंवा फिलिंगवर ठेवले की सहा महिन्यांत फिलिंग बसतं आणि फ्रेम पण बसते. मागच्या वर्षीचं कोथरूडचं काम सांगतो, त्यात हे सगळंच एकदम आलं.

जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मुलगा म्हणाला वॉल हंगच करा, कारण उंची आपल्या हातात राहते. बरोबर आहे, फ्लोअर माउंटेडची उंची कारखान्यात ठरते, टांगलेलं भांडं मात्र टाइल लावायच्या आधी पाहिजे तेवढं वर घेता येतं, आजोबांना आम्ही सीटची वरची कड फरशीपासून 46 सेंटीवर दिली. मागची भिंत साडेचार इंची, पलीकडे बेडरूम. आजी विचारत होत्या, "टाकी भिंतीच्या आत जाईल ना, मग जागा वाचेल ना?" म्हणलं आजी, साडेचार इंचात टाकीसाठी चर पाडला तर पलीकडं कपाटाच्या मागे नुसतं प्लास्टर उरेल. फ्रेम भिंतीच्या पुढंच उभी करावी लागते, त्यावर खोकं करून टाइल. फ्रेम आणि खोकं मिळून सात इंच, भांडं एकवीस, झाले अठ्ठावीस. जुना टाकीवाला कमोड सत्तावीस इंच होता. वॉल हंगनं जागा वाचते हे सगळीकडे ऐकायला मिळतं, पण ती वाचते टाकी खरंच भिंतीत गेली तर. आजी म्हणाल्या, "म्हणजे पैसे पण जास्त आणि जागा पण तेवढीच." पुण्याचं गिऱ्हाईक, दोन मिनिटांत मुद्द्यावर.

दुसरं, ड्रेन. जुन्या कमोडचं तोंड फरशीत होतं, भिंतीपासून बारा इंचावर. टांगलेल्या भांड्याचं तोंड मागं निघतं, फरशीपासून साधारण 22 सेंटी वर. म्हणजे फरशी तोडून, फिलिंग काढून, 110 एमएमचा पाइप मागं नेऊन फ्रेमच्या बेंडला जोडायचा. स्लॅबपर्यंत गेलो, दहा इंच खाली. तिथं पाय बोल्ट करायला ड्रिल मारलं की वॉटरप्रूफिंग फुटलं आणि खालच्या फ्लॅटच्या सीलिंगवर डाग, मग सोसायटीची मीटिंग. म्हणून आम्ही ड्रिल मारत नाही, आधी वॉटरप्रूफिंगचा कोट, त्यावर फ्रेमच्या पायाखाली सळ्या टाकून काँक्रीटचा ओटा, आणि पायाचे बोल्ट काँक्रीट ओलं असतानाच त्यात रोवून टाकायचे. ओट्याला सात दिवस पाणी मारलं. मुलगा रोज विचारायचा, आज फ्रेम का? नाही दादा, आज पाणी.

भिंत बंद करायच्या आधी टाकी भरून एक रात्र तशीच ठेवतो. सकाळी पाणी येणाऱ्या नळीचा सांधा आणि टाकीतनं भांड्याकडं जाणारी फ्लशची नळी, दोन्ही टिश्यू पेपरनं पुसून बघायच्या. टाकी स्वतः एका तुकड्यात असते, ती सहसा फुटत नाही, पुढं कधी बेडरूमची भिंत ओली झाली तर संशय याच दोन जागांवर. मग फ्रेमला टेप लावून फोटो काढतो आणि घरच्यांना व्हॉट्सॲप करतो, पुढं कोणी तिथं ड्रिल मारायला गेलं तर नळी कुठं आहे ते कळावं.

आता कन्सील्ड टाकीबद्दलचा कायमचा प्रश्न, बिघडली तर भिंत फोडायची का? नाही, फ्लश प्लेट हाच दरवाजा. प्लेट निघते, आतलं झाकण निघतं, हात घालून आधी आतला कॉक बंद करायचा, मग पाणी भरणारा व्हॉल्व आणि फ्लशचा व्हॉल्व दोन्ही त्याच खिडकीतनं बाहेर येतात. पण खिडकी पूर्ण मोकळी पाहिजे. सिंहगड रोडला एका घरी दुसऱ्या कोणाचं काम होतं, गवंड्यानं नीटनेटकं दिसावं म्हणून खिडकीभोवती टाइल आत घेतली होती आणि कंपनीनं दिलेली प्लास्टिकची चौकट काढून फेकली होती. फ्लशच्या व्हॉल्वचा वायसर गेलेला, व्हॉल्व खिडकीतनं निघेचना, शेवटी एवढ्याशा वायसरसाठी टाइल कापली आणि त्या डिझाइनची टाइल बाजारात बंद झालेली. त्यामुळे ती चौकट टाइल लागेपर्यंत जागेवर ठेवायची आणि मग टाइलच्या लेव्हलला कापायची, हे आमच्याकडे गवंड्याला पैसे द्यायच्या आधी चेक होतं.

भांड्यात मागनं पाण्याची बारीक धार दिसत असेल तर घरच्या घरी बघता येतं. प्लेट काढा, कॉक बंद करा, पाण्याच्या लेव्हलवर पेन्सिलची खूण, अर्धा तास थांबा. लेव्हल उतरली तर फ्लशच्या व्हॉल्वचं रबर गेलं. उतरली नाही आणि कॉक उघडल्यावर पाणी चढून ओव्हरफ्लोच्या नळीत जायला लागलं तर भरणारा व्हॉल्व बंद होत नाहीये, टँकर किंवा बोअरच्या जड पाण्यावर बहुतेक हेच, क्षार बसतो, साफ केला की चालतो. फ्लोअर माउंटेडच्या उघड्या टाकीला हेच, फक्त वरचं झाकण उचलायचं, एवढाच फरक.

आता कोणी विचारलं की मी आधी भिंत वाजवून बघतो, मग खाली संकन किती ते. भिंत कच्ची आणि फरशी तोडायची नसेल तर सांगतो, जमिनीवर उभं राहणारं पण भिंतीला चिकटणारं भांडं घ्या आणि टाकी खोक्यात कन्सील्ड ठेवा, तोंड मागं असलेलं मिळतं आणि खाली असलेलं पण, जुन्या ड्रेनशी अंतर तेवढं जुळलं पाहिजे. भांड्याचं वजन जमिनीवर, फ्रेमवर फक्त टाकी, प्लेट तशीच छान दिसते. खालनं पोछा जात नाही एवढंच. आमची वर्षाची निम्मी कामं आता या प्रकारची असतात आणि वॉल हंगपेक्षा बिल कमी होतं, बाबा हयात असते तर म्हणाले असते, धंदा कसा करायचा ते तुला कळत नाही.

कोथरूडच्या आजोबांकडे मागच्या महिन्यात चहाला गेलो होतो. बाथरूममध्ये जाऊन भांड्याच्या वरच्या फटीवर नख फिरवून बघितलं, सिलिकॉन अखंड होतं.