पहिला भाव कोणी सांगायचा?

परवा रात्री अकराला धुळ्याहून मामेभावाचा फोन. त्याच्याकडे तेव्हा पहाटेचे अडीच-तीन. "दादा, जर्मनीतल्या नोकरीचा फॉर्म अडकलाय. पगाराची अपेक्षा विचारतोय. 'निगोशिएबल' लिहिलं तर घेत नाही, फक्त आकडे मागतोय."

मला हसूही आलं आणि जुना राग पण. श्टुटगार्टला येण्याआधी याच रकान्याने मला फसवलं होतं. मुलाखत नाही, काम नक्की काय ते माहीत नाही, ऑफर तर लांबच. आणि आधी तुमचा आकडा टाका! आमच्याकडे बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव करतात, शेजाऱ्यालाही कळू देत नाहीत. नाना आयुष्यभर सांगत आले, "भाऊ, पहिला भाव आपन सांगाना नही." आणि इथे मात्र आकडा न सांगणारा उमेदवार तयारी न करता आलाय, असं समजतात.

भावाने हिशोब काय केला? पुण्यात 18 लाखांचं सीटीसी. युरो ढोबळ 100 रुपयांचा धरला, म्हणजे 18,000. त्यावर आपल्या सवयीने 40 टक्के वाढ, म्हणजे 25,200. "जास्त होतंय का रे?" असं वर मलाच विचारतो!

जास्त नाही बाबा, या आकड्यावर तुझा व्हिसाच अडकला असता. पदवीवर नोकरी मिळवून येणारे बहुतेक जण ब्लू कार्डवर येतात, आणि त्याला किमान पगाराची अट असते. 2025 साठी ती वर्षाला 48,300 युरो होती. आयटीसारख्या टंचाईच्या कामांना तेव्हा 43,759 युरो 80 सेंट. म्हणजे नम्रपणे कमी मागणारा स्वस्त ठरत नाही, त्याला घेणंच शक्य नाही असं ठरतं.

शिवाय सीटीसी आणि इथला आकडा एका तराजूत बसत नाहीत. आपल्या सीटीसीत कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, कधी मिळेल-न-मिळेल असा बोनस, सगळं कोंबलेलं. इथे विचारतात ते वर्षाचं ब्रुटो, म्हणजे कर आणि विमा कापण्याआधीचा पगार, पण कंपनी स्वतःच्या खिशातून भरते तो विम्याचा वाटा त्यात नसतो. 55,000 ब्रुटोवर एकट्या माणसाच्या हातात महिन्याला साधारण 2,900 पडतात. माझ्या वेळी मी उलटं केलं होतं. हातात किती हवेत ते ठरवलं आणि तोच आकडा बाराने गुणून ब्रुटो म्हणून टाकला. कंपनीने आनंदाने तेवढाच दिला. पुढची प्रत्येक वाढ त्याच आकड्यावर टक्क्यांत झाली, ते आजतागायत दुखतंय. पण तेव्हा बहिणीचं लग्न तोंडावर होतं, आणि नोकरी हातची जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती. आजही तिथे असतो तर कदाचित तेच केलं असतं.

मग त्याला म्हटलं, सरकारी रोजगार संस्थेचा एंटगेल्टआटलस उघड. त्यात कामानुसार आणि प्रदेशानुसार मधला मासिक ब्रुटो पगार फुकट दिसतो. त्याला बाराने गुण, मग आपला अनुभव बघून वर-खाली कर. त्याच्या सहा वर्षांना धरून आम्ही 58,000 वर आलो. "55 ते 60 लिहू का?" म्हणाला. नको, समोरच्याला त्यातला 55 च दिसणार. रकाना आकड्यांचाच आहे हे एक प्रकारे बरंच झालं.

आणि टाईप करताना स्वल्पविराम टाकू नको, हे मी तीनदा बजावलं. इथे हजारानंतर टिंब देतात आणि स्वल्पविराम म्हणजे दशांश चिन्ह. एखाद्या फॉर्मने 58,000 ला अठ्ठावन्न युरो समजलं तर? सरळ 58000.

त्यांचं कौतुकही करायला हवं, नाइलाजाने का होईना. युरोपीय संघाने 2023 मध्ये पगार-पारदर्शकतेचा निर्देश काढला आणि तो आपापल्या कायद्यात आणायला देशांना 7 जून 2026 ची मुदत दिली. त्यानुसार सुरुवातीचा पगार किंवा त्याची मर्यादा उमेदवाराला वाटाघाटीआधी कळायला हवी, आणि जुना पगार विचारता येणार नाही. आपल्याकडे 'करंट सीटीसी' आणि 'एक्स्पेक्टेड सीटीसी' शेजारी-शेजारी असतात. पहिला भरला की दुसऱ्याची किंमत उरत नाही. अपेक्षा विचारायला मात्र त्या निर्देशात बंदी नाही, म्हणजे हा रकाना राहणारच.

सकाळी नानांना फोनवर सगळं सांगितलं. खेडाखरेदीला व्यापारी येणार होता, कापूस घरातच पडून होता. शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग पोराने आकडा लिहिला?"

"हो. 58,000."

"व्यापारी बोलायच्या आधी?"

"आधी."

"गेला," नाना म्हणाले, आणि कापसाच्या भावाकडे वळले.