चुंबक टेकलाय कशावर?

"मॅडम, वर दोरा नाही, खाली आधार नाही, मग तो चुंबक टेकलाय कशावर? आणि बोटाने ढकलला तरी घसरत का नाही?"

हवेत तरंगणारा तो चुंबक टेकलाय खालच्या काळ्या चकतीतल्या विजेच्या प्रवाहांवर. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, मी थर्माकोलच्या वाडग्यात ती चकती ठेवते आणि वरून द्रवरूप नायट्रोजन ओतते. चकती यिट्रियम, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडची आहे. सुमारे ९२ केल्विनच्या खाली ती अतिवाहक होते, म्हणजे तिचा विजेला होणारा विरोध शून्य होतो. नायट्रोजन ७७ केल्विनला, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सियसला उकळतो, त्यामुळे काम भागतं.

आता चुंबक जवळ नेला की चकतीत प्रवाह उमटतात आणि स्वतःचं उलटं चुंबकीय क्षेत्र तयार करून चुंबकाला वर ढकलतात. तांब्याच्या पत्र्यातही असे प्रवाह उमटतात, पण विरोधामुळे लगेच विरतात. इथे ते विरत नाहीत. जोर तरी किती लागतो? माझा चुंबक १० मिलिमीटर व्यासाचा, ५ मिलिमीटर जाड, जेमतेम ३ ग्रॅमचा. त्याला तोलायला चकतीच्या पृष्ठभागाशी सरासरी ०.०३ टेस्ला क्षेत्र पुरतं. निओडिमियमच्या चुंबकाला ते सहज जमतं.

बहुतेक जण इथे मान डोलावून पुढच्या टेबलाकडे वळतात. पण एवढ्याने अतिवाहक म्हणजे फक्त 'विरोध नसलेली तार' ठरतो, आणि तसं नाही. फरक कळतो तो क्रम उलटा केला की. आधी चुंबक ठेवा, मग थंड करा. पदार्थ नुसता विरोधहीन झाला असता, तर त्याने आत असलेलं क्षेत्र जसंच्या तसं राखलं असतं. कारण असे प्रवाह क्षेत्राला नव्हे, क्षेत्रातल्या बदलाला विरोध करतात, आणि इथे बदललंच काही नाही.

१९३३मध्ये बर्लिनला वाल्टर माइस्नर आणि रॉबर्ट ओक्सेनफेल्ड यांनी शिसं आणि कथील क्षेत्रात ठेवूनच थंड केलं. अतिवाहक होताच बाहेर, नमुन्याला लागून, क्षेत्र वाढलं. म्हणजे आतलं क्षेत्र बाहेर फेकलं गेलं होतं, बाहेर कोणी काही हलवलेलं नसताना! हाच माइस्नर परिणाम. अतिवाहक आपल्या पोटात क्षेत्र ठेवतच नाही, फक्त कातडीत थोडंसं शिरू देतो, आणि ती कातडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असते. क्षेत्र हाकलायला ऊर्जा खर्चावी लागते, पण अतिवाहक झाल्याने होणारी बचत त्याहून मोठी असते. क्षेत्र फारच जोरदार असेल तर हिशोब उलटतो आणि अतिवाहकताच मोडते.

मग माझ्या चकतीवर हा उलटा प्रयोग केला तर? एका वर्षी मदतीला आलेल्या विद्यार्थ्याने चुकून केलाच. चुंबक आधी चकतीवर ठेवला आणि वर नायट्रोजन ओतला. चुंबक जागचा हललाही नाही. पोरगा घाबरला, त्याला वाटलं चकती बिघडली. मी लाकडी चिमट्याने चुंबक उचलला, तर चकतीच त्याला लोंबकळत वर आली!

चकती ठणठणीत होती. ती शिशासारखी नाही, दुसऱ्या प्रकारची अतिवाहक आहे. क्षेत्र अगदी कमी असेल तरच ती ते पूर्ण हाकलते. चुंबक जवळ आला की क्षेत्र बारीक बारीक धाग्यांच्या रूपात तिच्यात घुसतं, आणि हे धागे स्फटिकातल्या दोषांपाशी अडकून बसतात. चुंबक सरकवायचा तर धागे उपटावे लागतात, म्हणून बोटाने ढकलला की तो परत जागेवर येतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे, आणि ते निव्वळ माइस्नरच्या परिणामात नाही. सपाट शिशावर चुंबक बाजूला घसरून पडेल. मॉस्कोत अर्काडियेव्ह यांनी १९४०च्या दशकात शिशावर चुंबक तरंगवला तेव्हा म्हणूनच शिसं वाटीसारखं खोलगट घेतलं होतं.

खरं सांगायचं तर 'माइस्नर परिणाम' अशी पाटी लावून आम्ही जे दाखवतो, त्यात या अडकलेल्या धाग्यांचा वाटा मोठा असतो. पाटी मात्र मी अजून बदललेली नाही.

ताडून पाहायचं असेल तर चुंबकाला हलकी टिचकी द्या. गोल चुंबक स्वतःभोवती छान फिरत राहतो, कारण फिरताना त्याचं क्षेत्र बदलत नाही, धागे जागचे हलत नाहीत. चौकोनी चुंबक मात्र थोडासा वळून मागे येतो. नायट्रोजन उडून गेला की अर्ध्या-एक मिनिटात चकती तापते, चुंबक हळूच खाली बसतो, आणि मागच्या रांगेतून हमखास आवाज येतो, "मॅडम, अजून ओता ना!"