‘हलका आहार’ म्हणजे काय, कोणी सांगेल का?

दूध पचतं का हे बघायला माझी हायड्रोजन ब्रेथ टेस्ट ठरली होती. तिच्या कागदावर एवढंच छापलं होतं: ‘आदल्या दिवशी हलका आहार घ्यावा. रात्री आठनंतर पाण्याशिवाय काही घेऊ नये.’ आता नागपूरच्या माणसाला हलकं म्हणजे काय वाटणार? मी सकाळी ठेल्यावर तर्रीपोहे खाल्ले, संध्याकाळी गोळाभात. वरून फोडणीचं तेलसुद्धा घेतलं नाही, म्हणजे माझ्या हिशोबाने उपवासच.

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी धंतोलीला पोचलो. तिथल्या ताईंनी नळीत फुंकायला लावलं. यंत्रावर आकडा आला ४१. अजून मला काही प्यायलाही दिलं नव्हतं! ताईंनी विचारलं, "काल चणे, डाळ, बेसन काही?" मी म्हटलं, "तिन्ही." "मग आज नाही होत भाऊ."

मी दहा मिनिटं भांडलो, आणि चुकलो. या तपासणीत दूध पचतं का हे थेट कळतच नाही. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज हे विकर लागतं. ते कमी असलं की लॅक्टोज तसंच मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथले जिवाणू त्याचा वायू करतात. त्यातला हायड्रोजन रक्तातून फुफ्फुसात येतो आणि श्वासात मोजता येतो. पण चण्यातली न पचणारी शर्कराही तिथेच जाते आणि तोच वायू करते. सुरुवातीचाच आकडा चढलेला असेल, तर पुढची वाढ कशाची हे कळणार कसं? हे सगळं पटलं. पण मग कागदावर ‘चणे, डाळी, भाज्या नकोत, साधा पांढरा भात, अंडी चालतील’ एवढी एक ओळ छापायला काय जातं? माझ्या पुढच्या आजोबांनी रात्री झुणका खाल्ला होता. तेही परत.

बरं, पुढची तारीख घेताना ताईंनी सहज विचारलं, "अँटिबायोटिक घेतलं होतं का?" घशासाठी पंधरा दिवसांपूर्वीच कोर्स संपला होता. त्याने आतड्यातले जिवाणूच कमी होतात आणि निकाल खोटा ‘नॉर्मल’ येऊ शकतो, म्हणून चार आठवडे थांबायचं. म्हणजे मी भात-अंडी खाऊन गेलो असतो, तरी दिवस वायाच होता. कागदावर हेही नव्हतं.

दुसऱ्या खेपेला सुरुवातीचा आकडा ४. पंचवीस ग्रॅम लॅक्टोज पाण्यात ढवळून दिलं, म्हणजे साधारण अर्धा लिटर दुधात असतं तेवढं. मग दर अर्ध्या तासाने फुंकायचं. तासाभरात ९, दीड तासाला ३३, दोन तासांना ५८. सुरुवातीपेक्षा २० ने वाढला की पॉझिटिव्ह धरतात. पोटातली गुडगुड शेजारच्या खुर्चीवर ऐकू जात होती. (मध्ये फेऱ्या मारू नका, सिगारेट तर नाहीच, दोन्हीने आकडा बदलतो.)

डॉक्टरांना मी एकच विचारलं: एक पेला दुधाने माझी वाट लागते, मग उन्हाळाभर लस्सी कशी पचते? मला वाटायचं, विरजणात सगळं लॅक्टोज संपत असेल. ते म्हणाले, नाही, थोडंच कमी होतं, बरंचसं दह्यात तसंच राहतं. खरी गंमत दह्यातल्या जिवंत जिवाणूंची. लॅक्टोज फोडणारं विकर त्यांच्या पोटातच असतं. जठराच्या आम्लातून ते जिवाणूच्या आवरणाआड वाचून जातं. लहान आतड्यात पित्त लागलं की आवरण सैल होतं आणि विकर तिथेच कामाला लागतं. शिवाय घट्ट दही जठरातून दुधापेक्षा सावकाश सरकतं, म्हणून लॅक्टोज एकदम येऊन आदळत नाही. १९८४ मध्ये अमेरिकेत असंच श्वासातून मोजलं होतं: तेवढंच लॅक्टोज दुधाऐवजी दह्यातून दिल्यावर हायड्रोजन जवळपास एक तृतीयांशच निघाला.

त्यावरून एक कोडंही सुटलं. सीताबर्डीत एका दुकानातली लस्सी मला नेहमी बाधायची, घरची नाही. परवा काउंटरपाशी उभा राहून पाहिलं: दही थोडंच, पातळ करायला जग भरून थंड दूध, वर रबडीचा डाव. ते दूध आणि रबडी म्हणजे लॅक्टोज, आणि दह्यातले मोजके जिवाणू एवढ्याला पुरणार कसे? आता मी आधी विचारतो, "दूध टाकता का?" दुकानदाराला ते आवडत नाही.

कढीचं मात्र उलटं निघालं. उकळली की जिवाणू मरतात, विकरही जातं, तरी मला वाटीभर कढी चालते. कारण ताकात पाणीच जास्त, लॅक्टोज मुळात थोडं. चहातलं दोन चमचे दूधही चालतं. आईला मात्र हे सगळं सांगूनही ती रात्री हळदीचं दूध घेऊन उभी राहतेच. "अर्धा पेलाच आहे रे."