ठोकळे, काकवी आणि हिमालयाचं मूळ: नोंद तिसरी

डोंगर खालच्या खडकावर कसे तरंगतात, ते पाण्याच्या टाकीत ठोकळे सोडून दाखवायचा माझा प्रयत्न चालू आहे. मागच्या नोंदीत टाकीतले लाकडी ठोकळे आडवे पडत होते. त्याचं कारण सापडलं. 10 सेमी उंच ठोकळ्याची रुंदी मी फक्त 5 सेमी ठेवली होती, त्यामुळे कितीही नीट उभा सोडला तरी हात काढताच तो कुशीवर वळायचा. आता सगळ्यांचा तळ 12 सेमी चौरस आहे. सुताराकडून बाभळीच्या एकाच ओंडक्यातून तीन ठोकळे कापून घेतले: 4, 7 आणि 10 सेमी उंचीचे. वर मेणाचा हात दिला, कारण कोरं लाकूड पाणी पितं आणि दुसऱ्या दिवशी मापं बदलतात.

मोठा ठोकळा 1150 ग्रॅम भरला, म्हणजे घनता 0.80. पाण्यात सोडल्यावर तो 8 सेमी बुडाला आणि 2 सेमी वर राहिला. 4 सेमीवाला 3.2 सेमी बुडाला. दोन्ही शेजारी ठेवून टाकीच्या काचेतून बाजूने बघा: वरून बघणाऱ्याला दोघांच्या माथ्यात जेमतेम 1.2 सेमीचा फरक दिसतो, पण तळांमध्ये 4.8 सेमीचा. उंचवट्याच्या चौपट खोली पाण्याखाली लपलेली.

हाच हिशोब लाकडाऐवजी दगडाला लावायचा. खंडांचं कवच घनतेने साधारण 2.8 आणि त्याखालचा जड खडकाचा थर, म्हणजे प्रावरण, 3.3 धरलं, तर जमिनीवर 1 किमी जास्त उंची पेलायला खाली 5.6 किमी जास्त कवच लागतं. तिबेटचं पठार सरासरी 5 किमी उंच. म्हणजे खाली बुडालेला जादा भाग, डोंगराचं मूळ, 28 किमी, त्यात समुद्रसपाटीलगतच्या खंडाची नेहमीची 35 किमी जाडी आणि वरचे 5 मिळवले की 68. भूकंपलहरींवरून तिथल्या कवचाची जाडी 70 किमीच्या आसपास निघते. चार ओळींच्या गणितातून एवढं जवळ उत्तर आलं की मला उगाच स्वतःचं कौतुक वाटतं.

पण या मुळाचा पहिला सुगावा भूकंपलहरींतून लागला नाही, तो ओळंब्यातून लागला, आणि तोही आपल्याकडे. एकोणिसाव्या शतकातल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात दोन ठाणी होती: हिमालयाच्या पायथ्यापासून जवळ मुझफ्फरनगरकडचं कलियाना आणि दक्षिणेला सिरोंजजवळचं कल्याणपूर. दोघांच्या अक्षांशांतला फरक दोन रीतींनी काढला. जमिनीवर त्रिकोण मोजत गेल्यावर जो फरक आला, त्याहून ताऱ्यांवरून काढलेला फरक 5.236 विकलांनी कमी भरला; विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग. जमिनीवर ही चूक सुमारे 160 मीटरची होते. एवढी चूक त्या मोजणीत खपण्यासारखी नव्हती.

ताऱ्यांची उंची मोजताना खाली कुठे आहे ते ओळंबा सांगतो, आणि कलियानाचा ओळंबा हिमालयाकडे किंचित ओढला जात असणार, हे उघड होतं. कलकत्त्यातले धर्मगुरू आणि गणिती जॉन प्रॅट यांनी ही ओढ मोजायची ठरवली. डोंगरांचं वस्तुमान अंदाजून त्यांनी गणित केलं, तर उत्तर 15.885 विकला आलं. म्हणजे कोडं उलटं झालं. हिमालय ओळंबा का ओढतो, हा प्रश्नच राहिला नाही. तो इतका कमी का ओढतो, हा प्रश्न उभा राहिला.

1855 मध्ये इंग्लंडचे शाही खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी उत्तर दिलं. पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांत जो जास्त वर आलेला दिसतो, तो खालीही जास्त खोल गेलेला असतो, तसंच डोंगरांचं आहे. डोंगराखाली जड प्रावरणाच्या जागी हलकं कवच घुसलेलं असतं, ती तूट वरच्या डोंगराची ओढ बरीचशी खाऊन टाकते. प्रॅट यांनी पुढे वेगळी मांडणी केली: तळ सगळ्यांचा सारखाच खोल, पण उंच भागातला खडक कमी घनतेचा. समुद्रातल्या पर्वतरांगांना ती जास्त लागू पडते, कारण तिथे खालचा खडक तापून हलका झालेला असतो. हिमालयाला एअरींचं मूळ लागतं.

एक प्रयोग मात्र आवर्जून करा. 10 सेमीच्या ठोकळ्याच्या माथ्यावरून 2 सेमीची चकती कापून काढली. माथा 2 सेमी खाली यायला हवा ना? तो फक्त 4 मिमी उतरला, कारण ओझं गेल्यावर ठोकळा 1.6 सेमी वर आला. डोंगरांची झीज अशीच फसवी असते. पाऊस माथा खरवडतो, मूळ वर सरकतं, आणि मूळ संपेपर्यंत डोंगर टिकून राहतो.

आता काकवी. प्रावरण द्रव नाही, हे पाण्याच्या टाकीत विसरायला होतं. तो घन खडकच, पण हजारो वर्षांच्या हिशोबात वाहणारा. ही सुस्ती दाखवायला आधी नुसती काकवी घेतली. लाकडी चकतीवर वजन ठेवून उचललं की चकती डोळ्याचं पातं लवायच्या आत वर. म्हणून काकवी आटवायला घेतली, ढवळत बसलो, आणि भांड्यात गूळ तयार झाला! कोल्हापूरची मामी फोनवर हसली. "अरे, ढवळलंस कशाला? थोडं लिंबू पिळ आणि हात लावू नकोस." लिंबाने साखरेचे खडे धरत नाहीत. दुसरा घाणा गोळीबंद पाकाजवळ उतरवला, तो थंड झाल्यावर हवा तसा चिवट झाला.

10 सेमी व्यासाची चकती, वर 130 ग्रॅम वजन. रात्रभरात चकती 12 मिमी जास्त बुडाली. सकाळी वजन उचललं आणि घड्याळ लावलं. एका मिनिटाने खोलगटपणा 6.5 मिमी उरला, दोन मिनिटांनी 3.5, तीन मिनिटांनी 2. दर मिनिटाला साधारण निम्मा. पाच मिनिटांनंतर मात्र 1 मिमीवर गाडी अडली. पाकावर साय धरली होती, आणि ती चकतीला कडेने धरून ठेवत होती.

वजन म्हणजे हिमयुगाचा बर्फ. स्कँडिनेव्हियावर तो जिथे सर्वांत जाड होता तिथे जवळपास 3 किमी होता. बर्फाची घनता 0.92, प्रावरणाची 3.3, पूर्ण तोल साधला तर जमीन 800 मीटरच्या वर खचते. तिथला बर्फ सुमारे 10,000 वर्षांपूर्वी वितळला, आणि सुरुवातीची मोठी उसळी केव्हाच संपली. स्वीडनच्या 'उंच किनारा' भागात जुनी समुद्ररेषा आज 286 मीटरवर सापडते. बॉथनियाच्या आखातावर जमीन अजूनही वर्षाला 9 मिमीच्या आसपास वर येते. माझ्या मिनिटांच्या तक्त्यातली ती शेपटाकडची नोंद.

1731 मध्ये आंदेर्स सेल्सिअस (हो, तापमापकवाले) यांनी येव्ले शहराजवळच्या एका बेटावर, सील ज्यावर पहुडतात अशा खडकावर समुद्राच्या पातळीची खूण कोरली होती. त्यांना वाटलं, समुद्राचं पाणी आटतंय. ती खूण आता पाण्यापासून बरीच वर आहे.

सायीचा अडथळा मी आधी चूक म्हणून लिहिला होता, पण तो काढणार नाही. पृथ्वीचं वरचं कवचही सुट्या ठोकळ्यांचं नाही; ते ताठ पत्र्यासारखं वाकतं, ओझं आजूबाजूला वाटून घेतं. म्हणून तर हिमालयाच्या ओझ्याने त्याच्यापुढची भारतीय भूमी वाकून खोलगट झाली, आणि तो खड्डा गाळाने भरून गंगेचं मैदान बनलं. बर्फाच्या कडेबाहेरची जमीन याच वाकण्याने आणि खालून सरकलेल्या प्रावरणाने फुगली होती, ती आता बसते आहे: बर्फाखाली दबलेलं स्कॉटलंड वर, कडेबाहेरचं दक्षिण इंग्लंड खाली. सुट्या चकतीने हे दिसणं शक्यच नाही. पुढच्या वेळी पाकावर पातळ रबरी चादर ताणून बघतो. मामीने अडीच किलो काकवी अजून पाठवली आहे.