उतार लॉग: फोनवर ०.१ दिसलं म्हणून पाट होत नाही

मंडळी, गेल्या वेळी लिहिलं होतं ना की गावच्या पाटाचं आणि वर वाडीत जाणाऱ्या रस्त्याचं गणित एकत्रच बसवणार, ते आता बऱ्यापैकी जमलंय. गाव संगमेश्वर तालुक्यात, मी मुलुंडला, त्यामुळे आकडेमोड आणि सराव सगळा इथे सोसायटीच्या गच्चीवर नि पार्किंगच्या रॅम्पवर, आणि प्रत्यक्ष खुंट्या ठोकायला सुट्टी बघून गावी.

आधी टक्के आणि अंश, कारण सगळा घोळ तिथेच होतो. टक्के म्हणजे आडव्या १०० मीटरला किती मीटर चढ, आणि अंश म्हणजे कोन. शीटमध्ये मी हे दोनच टाकलेत, टक्के किंवा अंश A2 मध्ये:

```
=DEGREES(ATAN(A2/100))
=100*TAN(RADIANS(A2))
```

पहिला टक्क्यांवरून अंश देतो, दुसरा उलट. साइटवर शीट कोण उघडतंय, तिथे टक्क्यांना ०.५७ ने गुणायचं की अंश आले. १० टक्क्यांपर्यंत हे झकास चालतं (५.७ येतं, खरं ५.७१), २० ला थोडं सुटतं, आणि १०० टक्के म्हणजे ४५ अंश, तिथे हा शॉर्टकट ५७ सांगतो, म्हणजे डोंगराच्या कड्याला वापरू नका. अंदाजासाठी एक ओळखीचं माप सांगतो. कर्जतहून लोणावळ्याला चढताना गाडीला मागून इंजिनं जोडतात तो बोरघाट ३७ला १ आहे, म्हणजे २.७ टक्के, दीड अंशाच्या जरासा वर. एवढ्याशा कोनाला जादा इंजिनं लागतात, हे लक्षात राहिलं की अंशातला छोटा आकडा बघून आपण गाफील राहत नाही.

आता रस्ता. खालच्या डांबरी रस्त्यापासून वाडीपर्यंत जुनी घाटी आहे, १९० मीटर लांब, चढ २४ मीटर. आतेभावाने फोन घाटीवर फळी टाकून ठेवला, अ‍ॅपने ७.२ दाखवलं आणि तो खूश, म्हणाला "दादा, डोंगरी भागात ७ पर्यंत चालतं असं सगळे म्हणतात, मग आपण जवळजवळ बसतोय, हीच घाटी रुंद करूया की." चालतं ते ७ टक्के हो! अ‍ॅप सांगत होतं ७.२ अंश, म्हणजे १२.६ टक्के, जवळजवळ दुप्पट. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात डोंगरी भागाला नेहमीचा चढ ५ टक्के, फार तर ६, आणि ७ अगदीच नाइलाज असेल तिथे थोड्याशा लांबीपुरता. १२.६ ला भरलेला टेम्पो पावसाळ्यात शेवाळलेल्या रस्त्यावर चढेल का, आणि चढलाच तर उतरताना काय, हा विचार करा.

म्हणून ६ टक्के धरले. २४ भागिले ०.०६, म्हणजे ४०० मीटर लांबी हवी, आणि सरळ रेषेत ती मिळत नाही, तेव्हा एक वळसा आलाच. हेअरपिनवर तोच चढ ठेवायचा नसतो, तिथे कमाल अडीच टक्के. वळणाची लांबी २५ मीटर धरली तर त्यात जेमतेम ०.६ मीटर चढतो, उरलेले २३.४ मीटर ६ टक्क्यांनी चढायला ३९० मीटर, एकूण ४१५ मीटर. म्हणजे घाटीच्या दुपटीहून जास्त लांब रस्ता, आणि त्यासाठी दोन घरांच्या बांधावरून जागा मागावी लागणार, ती बोलणी आतेभावाकडे.

पण मजा खरी पाटात आहे. पऱ्यावरच्या बंधाऱ्यापासून पोफळीच्या वाडीच्या तोंडापर्यंत डोंगराच्या कडेकडेने ३४० मीटर, आणि उतार एकूण १.९ मीटर. म्हणजे ०.५६ टक्के, ०.३२ अंश. दिसायला काहीच नाही. आता पाट तळाला ३० सेंटीमीटर, पाणी २० सेंटीमीटर खोल, बाजू ४५ अंशात, मातीचा, म्हणून पाण्याचा वेग काढायच्या मॅनिंगच्या सूत्रात n, म्हणजे तळाचा खडबडीतपणा, ०.०२५:

```
V = (1/n) × R^(2/3) × √S
```

R म्हणजे पाण्याचं क्षेत्रफळ भागिले ओली होणारी कडा, इथे ०.१ भागिले ०.८७, साधारण ०.११५. S मात्र टक्क्यात नाही तर नुसत्या अपूर्णांकात टाकायचा, ०.५६ नाही, ०.००५६. अख्खा उतार सरळ दिला तर वेग सेकंदाला ०.७ मीटर येतो. आमची माती भुसभुशीत, रेताड, तिला ०.५ च्या वर गेलं की तळ खरवडायला लागतो आणि कडा ढासळतात. १०००ला १ दिला तर वेग ०.३, ऐकायला छान, पण गवत वाढलं की n ०.०३५ होतो आणि वेग ०.२१ वर येतो, मग गाळ बसायला सुरुवात. मधला ५००ला १ घेतला, वेग ०.४२, पाणी सेकंदाला ४२ लिटर, आणि गवत आल्यावरही ०.३ टिकतो. ३४० मीटरला ५००ला १ म्हणजे ६८ सेंटीमीटरच खर्च झाले, उरलेल्या १२२ सेंटीमीटरचं काय करायचं, तर चिऱ्याच्या चार पायऱ्या, प्रत्येकी ३० च्या आसपास, पाणी तिथे पडणार आणि खाली दगडाची पसरण. पायरीच्या खाली दगड नाही टाकला तर पहिल्याच हंगामात तिथे डबकं खणलं जातं आणि मग पायरीच उलटते.

आता हा ५००ला १ फोनने लावून दाखवा. तो आहे ०.११५ अंश. अ‍ॅप ०.१ च्या टप्प्याने दाखवतं, म्हणजे स्क्रीनवर ०.१ असेल तेव्हा खरा कोन ०.०५ ते ०.१५ मध्ये कुठेही, म्हणजे ११५०ला १ पासून ३८०ला १ पर्यंत काहीही! एका टोकाला गाळ, दुसऱ्या टोकाला भरपूर वेग, आणि फोन दोन्हीकडे तेच सांगणार. वर फोनचं स्वतःचं कॅलिब्रेशन, फळीचा बाक, ते वेगळंच. पाटाला अंश विसरा, २० मीटरला ४ सेंटीमीटर एवढंच डोक्यात ठेवा.

ते ४ सेंटीमीटर मोजायला गवंड्याचा लेव्हल पाइप. नागदेवीहून २५ मीटर पारदर्शक पाइप आणला, पाण्यात थोडी नीळ, दोन्ही टोकं सारख्या उंचीच्या पट्ट्यांना बांधली. सुरुवातीला दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून पाणी एका रेषेत येतं का बघायचं, नाही आलं तर आत कुठेतरी बुडबुडा अडकलाय, पाइप बोटाने टिचक्या मारत टोकापासून टोकापर्यंत चालायचं. गच्चीवर अजून एक कळलं, अर्धा पाइप उन्हात आणि अर्धा सावलीत राहिला की गरम बाजूचं पाणी हलकं होऊन वर बसतं, म्हणून मोजणी सकाळीच. बंधाऱ्यापासून पोफळीच्या वाडीपर्यंत जायचं आणि त्याच खुंट्यांवरून परत यायचं, सुरुवातीच्या खुंटीवर आकडा शून्याला मिळाला पाहिजे. आम्हाला फरक आला दीड सेंटीमीटरचा, ६८ मध्ये तेवढा चालतो.

पुढचं काम रस्त्याच्या गटाराचं. ६ टक्क्यांनी उतरणारं मातीचं गटार वरच्या सूत्रात टाकलं तर याच मापाच्या पाटात वेग २.३ मीटर येतोय, म्हणजे तिथे एकतर दगडाचं पिचिंग नाहीतर दर थोड्या अंतरावर आडवे दगड. कोणी कोकणात चिऱ्याचं पिचिंग केलं असेल तर n किती धरला ते सांगा, मी सध्या ०.०३ धरून चाललोय.